वर्गातल्या भिंतीवर व्यायामाची चार तत्त्वे: नववीच्या मुलांना कशी दाखवावीत?

करवीरचा_मास्तर (धागाकर्ता)

मी करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. पावसाळ्यात आमच्या मैदानाचा चिखल होतो आणि दसऱ्यापर्यंत बहुतेक तास वर्गातच घ्यावे लागतात. या सत्रात नववीला अतिभार, विशिष्टता, क्रमवाढ आणि प्रतिवर्तन ही व्यायामाची चार तत्त्वे शिकवायची आहेत. फळ्यावर लिहून दिली तर मुले ती उत्तरपत्रिकेत अचूक उतरवतात. मात्र 'रोज वीसच जोर वर्षभर काढले तर काय होईल?' असे विचारले की निम्मा वर्ग 'ताकद खूप वाढेल' असे उत्तर देतो, म्हणजे तत्त्व पाठ झालेले असते आणि समजलेले नसते.

म्हणून या वर्षी बाके मागे सरकवून वर्गातच एक प्रयोग करावा असे मनात आहे. पाठ भिंतीला टेकवायची, गुडघे काटकोनात वाकवायचे आणि खुर्चीवर बसल्यासारखे अधांतरी बसून राहायचे, या व्यायामाला आमची मुले 'भिंतखुर्ची' म्हणतात. त्याला साहित्य लागत नाही, जागा थोडी लागते आणि किती सेकंद टिकले हे आकड्यात मांडता येते. वर्गाचे तीन गट करायचे. पहिला गट सहा आठवडे प्रत्येक वेळी ३० सेकंदच बसेल, दुसरा गट ३० सेकंदांपासून सुरू करून दर आठवड्याला ५ सेकंद वाढवेल आणि तिसरा गट खुर्चीऐवजी बैठका मारेल. सहा आठवड्यांनंतर तिन्ही गटांची खुर्ची आणि बैठका या दोन्हींची चाचणी घ्यायची. त्यानंतर प्रथम सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते. सुट्टीनंतर पुन्हा मोजले की प्रतिवर्तनही, म्हणजे सराव थांबल्यावर कमावलेले ओसरणेही, दिसेल, असा माझा हिशेब आहे. आठवड्याला दोन तास मिळतात आणि एक दिवस परिपाठानंतरची दहा मिनिटे मागून घेता येतील.

या रचनेत काय चुकते आहे आणि मुलांना ती समजेल का, हे जाणकारांनी सांगावे.

रंकाळाकर

सर, कल्पना उत्तम आहे, परंतु यात नवीन असे काही नाही. आमच्या तालमीत वस्तादांनी ही चारही तत्त्वे कोणतेही नाव न घेता शिकवली. नव्या पोराला पहिल्या दिवशी पंचवीस बैठका, पुढे रोज पाचाची भर, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखल्या तरच व्यायाम झाला असे समजायचे. तुमच्या मुलांनाही हीच खूण सांगा, कारण दुखणे हाच अतिभाराचा पुरावा आहे. व्यायाम सोडला की कमावलेल्या मांसाची चरबी होते, हेही आम्ही कितीतरी जुन्या मल्लांच्या पोटांवरून पाहिलेले आहे.

विशिष्टतेसाठी मात्र कोल्हापूरच्या मुलांना खाशाबा जाधवांचे उदाहरण द्यावे. बहुतेक सराव लाल मातीतला आणि १९४८ साली लंडनला कुस्ती मॅटवर. तिथे ते सहावे आले. मॅटचा सराव झाल्यावर १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळाले. ज्याचा सराव कराल तेच वाढते, हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत शाळकरी खेळाडू बरेच असतात. मास्तर, भिंतखुर्चीची निवड मला आवडली, पण तुमच्या रचनेत एक मोठी अडचण आहे आणि ती अतिभाराच्या गाभ्याशीच आहे. ३० सेकंद हा सर्वांसाठी सारखा आकडा आहे, पण तो सर्वांसाठी सारखा भार नाही.

समजा, पहिल्या चाचणीत एक मुलगी जास्तीत जास्त ४८ सेकंद टिकली, एक मुलगा ११० सेकंद टिकला आणि आणखी एक मुलगा २८ सेकंदांतच उठला. मुलीला ३० सेकंदांत बऱ्यापैकी मेहनत पडेल. ११० सेकंदवाल्याच्या मांड्यांना ते ३० सेकंद जाणवणारही नाहीत, कारण त्याच्या शरीराला जे आधीच सहज जमते त्याच्या ते खूप खाली आहे, म्हणजे त्याच्यासाठी तिथे अतिभार मुळी झालेलाच नाही. तिसऱ्याला तर पहिलाच फेरा पूर्ण करता येणार नाही आणि सगळ्या वर्गासमोर तो खजील होईल. तुमचे 'दर आठवड्याला ५ सेकंद' हेही तसेच आहे. १७ सेकंदांच्या फेऱ्याला ५ सेकंद जोडले तर ती जवळजवळ ३० टक्के वाढ होते, आणि ६५ सेकंदांच्या फेऱ्याला जोडले तर ८ टक्केही होत नाही.

म्हणून प्रत्येकाचा फेरा त्याच्या स्वतःच्या कमाल वेळेवरून ठरवावा. कमाल वेळेच्या साधारण ६० टक्के, असे तीन फेरे आणि मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती, एवढे या वयाला पुरते. ६० हा काही शास्त्राने कोरून ठेवलेला आकडा नाही. तिसऱ्या फेऱ्याच्या शेवटी मांड्या थरथरू लागाव्यात पण बसणे मोडू नये, इतपत तो जुळवून घ्यायचा. ४८ सेकंदांच्या मुलीचा हिशेब पुढे नेऊन दाखवते. पहिल्या आठवड्यात ३० सेकंदांचे तीन फेरे, दुसऱ्यात ३४, तिसऱ्यात ३८. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा कमाल चाचणी. ती ६५ आली असे धरू. तिचे ६० टक्के म्हणजे ३९, तेव्हा चौथ्या आठवड्यात ४०, पाचव्यात ४४ आणि सहाव्यात ४८. इथे तिला वही उघडून पहिल्या दिवसाचा आकडा दाखवा. सुरुवातीला ज्या ४८ सेकंदांना ती कोसळली होती, तोच आता तिचा नेहमीचा फेरा झाला आहे आणि ती तो एका तासात तीनदा करते आहे. अतिभार आणि क्रमवाढ यांतला फरक मुलांना इथेच कळतो. आजचा फेरा शरीराच्या सवयीच्या वर आहे का, हा पहिला प्रश्न. सवय स्वतःच वर सरकली की फेरा तिच्या मागोमाग सरकवला का, हा दुसरा.

तुमचा 'न वाढणारा' गट जरूर ठेवा, पण त्यालाही प्रत्येकाच्या स्वतःच्या ६० टक्क्यांवर ठेवा आणि तो आकडा सहा आठवडे बदलू नका. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगितले तर बहुतेक जण 'हा गट अजिबात सुधारणार नाही' असे लिहितील, आणि ते चुकेल. पहिले दोन-तीन आठवडे हा गटही सुधारेल, कारण तेव्हा प्रत्येकाचा तो फेरा त्याच्या सवयीच्या वरच असतो. मग त्याची रेघ आडवी होऊ लागेल. ती वळण घेते ती जागा आलेखावर त्यांच्याच हाताने काढून घ्या, माझ्या मते साऱ्या प्रयोगात तेच सर्वांत मोलाचे आहे.

रंकाळाकर दादांच्या दोन गोष्टींबद्दल लिहायला हवे. दुखणे हा भार नवा असल्याचा पुरावा आहे, पुरेसा असल्याचा नव्हे. जिना उतरताना मांडी दुखते ती मुख्यतः स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागल्याने, आणि बैठकीत खाली जाताना नेमके तेच होते. भिंतखुर्चीत हालचालच नाही, त्यामुळे अतिभार पूर्ण असूनही दुसऱ्या दिवशी फारसे दुखणार नाही. मुले मग 'आमचा व्यायाम झालाच नाही' असे म्हणतील, तेव्हा ही खूण त्यांना न दिलेली बरी. आणि मांसाची चरबी होत नाही. स्नायू आणि चरबी या वेगवेगळ्या पेशी आहेत. आखाडा सुटला की स्नायू बारीक होतो, खुराक मात्र तेवढाच चालू राहतो आणि पोट त्या खुराकाने वाढते.

प्रयोगवही

मी विज्ञान शिकवते, म्हणून मोजणीकडे बघते. मास्तर, पहिली चाचणी एकदाच घेऊ नका, दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि त्यातला चांगला आकडा धरा. भिंतखुर्ची कधीच न केलेले मूल पहिल्या दिवशी पाय कुठे ठेवायचे आणि श्वास कसा घ्यायचा हेच शोधत असते. दुसऱ्या दिवशी काही सेकंद वाढतात ते ताकदीने नव्हे, युक्ती कळल्याने. ही वाढ प्रयोगात मिसळली तर पहिल्या आठवड्याचे यश खोटे दिसते.

दुसरे, काटकोन टिकतो का हे कोण पाहणार? मुले दमली की कंबर हळूच वर सरकवतात, गुडघ्याचा कोन उघडतो आणि बसणे सोपे होते. प्रत्येकाच्या कंबरेच्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ आणि टाचांच्या जागी फरशीवर दुसरी रेघ मारून ठेवावी. रेघ सुटली की जोडीदाराने एकदा बजावायचे आणि दुसऱ्यांदा सुटली की वेळ थांबवायची. मोजे घालून बसू देऊ नका, फरशीवर पाय घसरतो.

तिसरे थोडे चमत्कारिक वाटेल. घड्याळ दिसत असेल किंवा सेकंद मोठ्याने मोजले जात असतील तर मुले आपल्या मित्राच्या आकड्याला थांबतात. शेजारचा ६० ला उठला की हा ६२ ला उठतो. चाचणीच्या दिवशी घड्याळ पाठीमागे ठेवावे आणि आकडा शेवटीच सांगावा.

माझा एक आक्षेप मात्र शिल्लक राहतो. नववीतली मुले सहा-आठ आठवड्यांत नुसती वाढल्यामुळेही बदलतात. काहीच व्यायाम न करणारा एक गट नसेल तर झालेली सुधारणा व्यायामाची, असे तुम्ही कशावरून म्हणणार?

करवीरचा_मास्तर

बाई, घड्याळाची सूचना फारच उपयोगाची आहे, तशी शर्यत मी जोर काढताना पाहिली आहे. पण काहीच न करणारा गट माझ्या मनाला पटत नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासाला एक तृतीयांश मुलांना बाकावर बसवून ठेवणे हे पालकांना समजावता येणार नाही आणि मलाही ते योग्य वाटत नाही.

सांधेजोड ताई, ३० सेकंदांचा मुद्दा मान्य. सर्वांसाठी एक आकडा सोयीचा होता खरा, पण त्याच सोयीने मूळ तत्त्व पुसले जात होते. बैठकांच्या गटाचे काय करावे?

भरतीची_तयारी

नमस्कार. मी पोलीस भरतीची तयारी करत आहे. धाग्याचे नाव पाहून आलो. मी गेले कित्येक महिने रोज पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर १६०० मीटर पूर्ण जोर लावून पळतो. वेळ ६ मिनिटे ४० सेकंदांवर अडकली आहे. भिंतखुर्ची केली तर वेळ कमी होईल का? दिवसातून किती वेळा करावी?

रंकाळाकर

मित्रा, हा धागा शाळेतल्या मुलांना शिकवण्याविषयी आहे. तुझ्यासाठी वेगळा धागा काढ.

सांधेजोड

त्यांना घालवू नका, ते मास्तरांना उपयोगी पडणारे उदाहरण घेऊन आले आहेत. भरतीची तयारी, भिंतखुर्चीने तुमची धाव फारशी सुधारणार नाही. तिथे मांडी न हलता जोर लावते आणि धावताना पाय, हृदय आणि फुप्फुसे काही मिनिटे सतत काम करतात. मागणीच वेगळी आहे. पण तुमची खरी अडचण दुसरी दिसते. रोज तेच अंतर, तोच रस्ता आणि तोच वेग, म्हणजे मास्तरांच्या 'न वाढणाऱ्या' गटातच तुम्ही बसला आहात. सुरुवातीला सुधारणा झाली असेल आणि मग रेघ आडवी झाली असेल.

६ मिनिटे ४० सेकंद म्हणजे दर ४०० मीटरला १०० सेकंद. तुम्हाला ६ मिनिटांवर यायचे असेल तर ९० हवेत. ९० च्या वेगाने १६०० मीटर आज जमणार नाही, पण ९५ सेकंदांच्या वेगाने ४०० मीटर पळून, दोन मिनिटे चालून, असे चार वेळा नक्की जमेल. आठवड्यातून दोन दिवस हे करा, दोन-तीन दिवस बोलता येईल इतक्या सावकाश जास्त अंतर पळा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. दोन आठवड्यांनी एक तर वेग ९३ वर आणा किंवा विश्रांती कमी करा, दोन्ही एकदम बदलू नका. एकाच वेळी सगळे वाढवले तर कशाने फायदा झाला हे कळत नाही आणि नडगी दुखू लागली तर कशाने दुखली हेही कळत नाही.

मास्तर, आता बैठकांचा गट. विशिष्टता दाखवण्यासाठी तो हवाच, कारण दोन्ही व्यायाम मांडीच्या त्याच स्नायूंचे आहेत. मुले म्हणतील, स्नायू एकच, मग ताकदही एकच. शेवटच्या चाचणीत दोन्ही गटांना दोन्ही परीक्षा द्या, खुर्चीवर कमाल वेळ आणि एका मिनिटात पूर्ण बैठका. खुर्चीचा गट खुर्चीत पुष्कळ पुढे गेलेला दिसेल आणि बैठकांत थोडाच, बैठकांच्या गटाचे उलट. न हलता केलेल्या व्यायामाची ताकद ज्या कोनात सराव केला त्याच्या आसपास सर्वांत जास्त वाढते, दूरच्या कोनात कमी. शिवाय पहिल्या आठवड्यांतली वाढ ही बरीचशी मेंदू आणि मज्जातंतू स्नायूला अधिक चांगले कामाला लावू लागल्याची असते, आणि ते एखाद्या हालचालीपुरतेच शिकले जाते. या वयाच्या मुलांच्या मांड्या सहा आठवड्यांत डोळ्यांना जाड दिसणार नाहीत, हेही आधीच सांगून टाका, नाहीतर टेप घेऊन मोजत बसतील.

बाईंच्या आक्षेपालाही यातून अर्धे उत्तर मिळते. नुसत्या वाढीने सुधारणा झाली असती तर दोन्ही गट दोन्ही परीक्षांत सारखे सुधारले असते.

प्रयोगवही

अर्धे उत्तर हे बरोबर म्हटलेत. गटा-गटांतला फरक त्याने सिद्ध होतो, एकूण सुधारणेपैकी किती वाटा व्यायामाचा हे होत नाही. पण नववीच्या वर्गासाठी एवढे पुरे, हे मी मान्य करते. प्रयोगाची ही मर्यादा मुलांकडून वहीत लिहून घ्यावी एवढेच.

जाता जाता आणखी एक. क्रमवाढीसाठी पुष्कळ शिक्षक मिलो नावाच्या प्राचीन ग्रीक मल्लाची दंतकथा सांगतात, रोज वासरू उचलता उचलता त्याने एक दिवस पूर्ण वाढलेला बैल उचलला म्हणे. मला ती कथा वर्गात सांगायला नको वाटते. रोज थोडे वाढवत गेले की कुठेही पोहोचता येते असे मुलांच्या मनात बसते, आणि मग चौथ्या आठवड्यात वाढ थांबली की मूल स्वतःला दोष देते.

रंकाळाकर

कथा कथेच्या जागी राहू द्या की! मुलांना गोष्ट लक्षात राहते, टक्के राहत नाहीत. खाशाबांच्या उदाहरणाबद्दल मात्र कोणीच काही बोलले नाही.

प्रयोगवही

उदाहरण जरूर द्या, आपल्या मुलांना ते जवळचे आहे. पण त्याला पुरावा म्हणून मांडू नका. लंडन आणि हेलसिंकी यांच्यात चार वर्षांचा सराव आणि अनुभव आहे, शिवाय १९४८ साली ते फ्लायवेट गटात खेळले आणि १९५२ साली बॅन्टमवेट गटात. पदकाचे श्रेय एकट्या मॅटला देता येणार नाही. माती आणि मॅट यांतला फरक मुलांनाच शोधू द्यावा. पाय कुठे रुततो, कुठे नाही, आणि आज मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोनच डाव असताना लांबलचक कुस्तीसाठी कमावलेला दम किती कामी येतो, असे विचारा. तालमीतली दोन-तीन मुले वर्गात असतीलच, तीच उत्तरे देतील.

दोन_पोरांची_आई

माझा थोरला तेरा वर्षांचा आहे आणि पेठेतल्या संघाकडून फुटबॉल खेळतो. गेल्या काही महिन्यांत त्याची उंची झपाट्याने वाढली आहे आणि गुडघ्याच्या वाटीच्या खाली हाडाला फुगवटा येऊन तिथे दुखते. खेळून आला की जास्त. अशा मुलाने शाळेत ही खुर्ची करावी का? सर रागावतील म्हणून तो दुखते हे सांगतच नाही.

सांधेजोड

ताई, न तपासता निदान सांगणार नाही, त्याला एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. या वयात असे पुष्कळदा दिसते, कारण मांडीच्या स्नायूची कंडरा नडगीच्या हाडावर जिथे जोडलेली असते तिथले हाड अजून वाढत असते आणि उड्या, धावा, किका यांनी तिथे सारखी ओढ बसते. तोपर्यंत काटकोनातली खुर्ची त्याने करू नये.

मास्तर, यामुळे एक नियम प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी सांगावा लागेल. मांडीच्या मध्यभागी जळजळ होणे आणि थरथरणे चालेल. गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखले तर त्याच क्षणी उठायचे, आणि त्याबद्दल कोणी हसायचे नाही. अशा मुलांना कमी वाकून बसू द्या, किंवा प्लँकवर हाच प्रयोग करू द्या, आलेख तसाच निघतो. आणि श्वास कोंडून धरू देऊ नका. जोडीदाराने अधूनमधून काहीतरी विचारावे, उत्तर देता आले म्हणजे श्वास चालू आहे.

करवीरचा_मास्तर

तुमचा मुलगा माझ्या वर्गात असता तर त्याने सांगायला घाबरू नये अशीच माझी इच्छा असती, ताई. हा नियम पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहीन.

आता सुट्टीचा प्रश्न उरतो. परीक्षेचा दीड आठवडा आणि दिवाळीचे अडीच आठवडे मिळून साधारण चार आठवडे खंड पडतो. सुट्टीनंतर सगळ्यांचे आकडे मूळ जागी आलेले दिसतील ना?

सांधेजोड

नाही, आणि तसे वर्गात आधी सांगून बसू नका. चार आठवड्यांत थोडी घट होईल, पण बहुतेक मुले पहिल्या चाचणीपेक्षा बरीच वरच राहतील. ताकद हळू ओसरते. दम लवकर ओसरतो, कारण सराव थांबल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटू लागते आणि तेवढ्याच कामाला नाडी जास्त धावते. लवकर घसरणारे काही दाखवायचे असेल तर साधारण ३० सेंटीमीटर उंचीच्या स्थिर पायरीवर तीन मिनिटे ठरावीक तालावर चढ-उतार करून लगेच नाडी मोजा आणि तीच चाचणी सुट्टीनंतर घ्या. अर्थात त्यासाठी आधीचे सहा आठवडे दमाचा सरावही झालेला हवा, नाहीतर ओसरायला काही नसेलच. शिवाय १५ सेकंद मोजून चाराने गुणायचे असेल तर मोजताना एक ठोका चुकला की मिनिटामागे चारांची चूक होते.

माझी सूचना अशी आहे. दुसऱ्या गटाचे, म्हणजे ज्यांची वाढ चालू होती त्यांचे, सुट्टीपुरते दोन भाग करा. अर्ध्यांनी काहीच करायचे नाही. उरलेल्यांनी आठवड्यातून एकदाच, पण सहाव्या आठवड्यातल्या पूर्ण वेळाचे तीन फेरे घरी करायचे. मिळवण्यासाठी जेवढा सराव लागला त्यापेक्षा टिकवण्यासाठी खूपच कमी लागतो, मात्र फेरा हलका करून चालत नाही. हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत सराव बंद करणाऱ्या खेळाडूंना ते सर्वांत उपयोगी असते. सुट्टीनंतर दोन आठवडे सर्वांना पुन्हा सराव द्या. ज्यांचे आकडे ओसरले होते ते पहिल्या वेळेपेक्षा लवकर परत येतील, तेही मोजून घ्या.

रंकाळाकर

एकदा केल्याने टिकते हे मला पटत नाही. तालमीत आठवडा चुकला की पहिल्याच लढतीत कळते.

सांधेजोड

लढतीत कळते ते खरेच, दादा, कारण तिथे दम, अंदाज आणि डावाची चपळाई तिन्ही लागतात आणि ती लवकर बोथट होतात. मी फक्त ताकदीबद्दल बोलते आहे. दोघेही बरोबर असू शकतो.

रंकाळाकर

मास्तरांचे आकडे येऊ द्यात, मग बघू.

दोन_पोरांची_आई

सर, एक पालक म्हणून सांगते. दिवाळीत मुले मामाच्या गावाला जातात, किल्ला करतात, फराळ होतो. घरी एकदा करायला सांगितलेले निम्मी मुले करणार नाहीत आणि वहीत मात्र सगळी लिहितील.

करवीरचा_मास्तर

ही भीती मलाही आहे. घरचे फेरे पालकांच्या सहीने आणावेत का, असा विचार होता. पण सही काय, आजीही करून देते.

प्रयोगवही

सही मागू नका, सहीने खोटेपणा वाढतो. सुट्टीच्या तक्त्यात 'नाही केले' असा रकाना आधीच छापून द्या, त्यात खूण करणाऱ्याचे गुण कमी होणार नाहीत असे वर्गात जाहीर करा, आणि सुट्टीनंतर गट नव्याने पाडा: ज्यांनी खरोखर केले ते एकीकडे आणि ज्यांनी केले नाही ते, मूळ गट कोणताही असो, दुसरीकडे. आपण पाडलेले गट मोडतात हे खरे, आणि मेहनती मुले आपोआप एका बाजूला गोळा होतील हाही दोष त्यात राहतो, पण खोट्या नोंदींवर काढलेल्या आलेखापेक्षा मला तो परवडेल.